विष डब्यापासून दूर, डबा उंदरापासून दूर

एप्रिल-मेमध्ये वर्षाचं धान्य भरायचं आणि जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की त्याची राखण सुरू करायची, हे महाराष्ट्रातल्या असंख्य घरांचं वेळापत्रक आहे. पावसाचं पाणी बिळांत आणि गटारांत शिरलं की उंदीर कोरड्या, उबदार जागा शोधत घरात येतात. दमट हवेत झुरळंही वाढतात. मग आपण घाईघाईने फवारा आणतो, मांडणीवर औषधी खडूच्या रेघा ओढतो, गव्हाच्या कोठीत गोळ्या टाकतो. झुरळ-उंदरांमुळे अन्न खराब होतं हे खरं. पण अशा घाईत आपणच ते जास्त खराब करून बसतो. म्हणून या कामात क्रम महत्त्वाचा आहे. आधी अन्न बंद करायचं, मग वाटा बंद करायच्या, आणि विष वापरायचंच झालं तर सर्वांत शेवटी, अन्न जिथे कधीच येत नाही अशा जागी ठेवायचं.

हा क्रम एका स्वयंपाकघरात लावून पाहू. समजा, पुण्यातल्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावरचं घर आहे. गहू गोणीतच भिंतीला टेकून ठेवला आहे, तांदूळ पत्र्याच्या कोठीत आहे, डाळी प्लॅस्टिकच्या बरण्यांत आहेत. ओट्याखाली ट्रॉल्या आहेत आणि सिंकचा पाइप भिंतीतून बाहेर जातो. एके सकाळी गोणीपाशी काळ्या लेंड्या दिसतात आणि ट्रॉली उघडली की दोन-तीन झुरळं पळतात.

पहिलं काम शत्रू कोण हे ओळखण्याचं. तांदळाच्या दाण्याएवढी, टोकं निमुळती असलेली लेंडी छोट्या घरउंदराची. साधारण सव्वा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, जाडसर लेंडी मोठ्या उंदराची किंवा घुशीची. एक छोटा उंदीर दिवसाला 50 च्या वर लेंड्या टाकतो, त्यामुळे ढीग पाहून उंदरांची फौज आली असं समजू नये. त्यांची वाट शोधायची असेल तर रात्री भिंतीलगत टाल्कम पावडरचा पातळ थर पसरावा. उंदीर मोकळ्या जमिनीवरून फिरण्यापेक्षा भिंतीला अंग घासत चालणं पसंत करतो, त्यामुळे सकाळी पावलांचे आणि शेपटीचे ठसे थेट त्याच्या बिळाकडे बोट दाखवतात.

झुरळांचेही मुख्य प्रकार दोन. मोरीतून येणारं, चार सेंटिमीटरच्या आसपासचं तांबूस झुरळ हे गटारातलं. दीड सेंटिमीटरपेक्षा छोटं, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन गडद पट्टे असलेलं झुरळ मात्र घरातच राहतं आणि घरातच वाढतं. ट्रॉलीच्या रुळामागे, फ्रिजच्या मोटारीजवळ, मिक्सरच्या बुडाशी त्याचे अड्डे असतात. मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले की अड्डा जवळच आहे असं समजावं. गटारातल्या झुरळासाठी मोरीला बारीक जाळी आणि रात्री झाकण हा अर्धा इलाज आहे. छोट्या झुरळासाठी पुढचं सगळं करावं लागतं.

आता अन्न बंद करण्याकडे वळू. गोणी आणि प्लॅस्टिकची पिशवी उंदराला अडवू शकत नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे त्याला कुरतडावंच लागतं. प्लॅस्टिकची जाड बरणीसुद्धा तो कडेपासून पोखरतो. गहू पत्र्याच्या किंवा स्टीलच्या, घट्ट झाकणाच्या कोठीतच हवा. कोठी जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावी, म्हणजे मागे झाडू फिरतो आणि लेंडी पडली तर लगेच दिसते. झाकण किती घट्ट आहे हे पाहण्याची सोपी रीत अशी: कोठी रिकामी असताना मोबाइलचा टॉर्च चालू करून आत ठेवावा, झाकण लावावं आणि खोलीत अंधार करावा. जिथून प्रकाशाची रेघ बाहेर येते, तिथून झुरळाचं पिल्लू आत जाऊ शकतं, कारण त्याला एखाद-दोन मिलिमीटरची फटही पुरते. अशा झाकणाखाली जाड स्वच्छ कापड किंवा रबरी पट्टी बसवली की काम होतं.

इथे एका समजुतीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. धान्यात कडुलिंबाचा पाला घालणं किंवा तूरडाळीला एरंडेल लावणं हे सोंड्यांसाठी आहे. उंदीर-झुरळांवर त्याचा उपयोग नाही. अनेक घरांत तांदळाला आणि गव्हाला बोरिक पावडर लावतात. बोरिक पावडर हा आपल्याकडे अन्नात घालायला परवानगी असलेला पदार्थ नाही. तांदूळ आपण दोन-तीन पाण्यांत धुतो, तेव्हा निदान काही पावडर निघून जाते. गहू मात्र बहुतेक घरांत न धुताच गिरणीत जातो, आणि पावडर कणकेसकट पोटात जाते. लहान मुलांना तिचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो.

त्याहून कितीतरी गंभीर गोष्ट म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी. बाजारात मिळणारी तीन ग्रॅमची एक गोळी हवेतला ओलावा शोषून सुमारे एक ग्रॅम फॉस्फीन वायू सोडते. मोठ्या गोदामात सगळं ताडपत्रीने बंद करून, माणसं दूर ठेवून, नंतर हवा खेळवून हा वायू वापरतात. म्हणूनच भारतात तिचा वापर सरकारी किंवा मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचा असतो. घरात टाकलेल्या गोळीचा वायू फटींतून शेजारच्या खोलीत, शेजारच्या घरातही जातो. विषबाधा झाली तर त्यावर उतारा नाही. वायूचा वास लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा येऊ शकतो, पण वास आला नाही म्हणजे धोका नाही असंही नाही. राहत्या घरातल्या कोठीत, कपाटात किंवा माळ्यावर ही गोळी कधीच ठेवू नये.

भांड्यांचा प्रश्न वेगळा आहे. झुरळ मोरीतून आणि कचऱ्यातून फिरून मांडणीवर येतं, तेव्हा त्याच्या पायांवर आणि विष्ठेत जुलाब घडवणारे जंतू असू शकतात. त्याच्या विष्ठेमुळे काही जणांचा दमाही बळावतो. म्हणून रात्री खरकटी भांडी ठेवायची नाहीत. घासलेली भांडी पुसून पालथी ठेवायची, आणि रोज न लागणारी वाटी-ताटं बंद कपाटात किंवा डब्यात ठेवायची. सर्वांत मोठा फरक पाण्याने पडतो. झुरळ अन्नावाचून आठवडेच्या आठवडे काढतं, पण पाण्यावाचून फार दिवस टिकत नाही. सिंक पुसून कोरडं करणं, गळका नळ दुरुस्त करणं, ओलं फडकं ओट्यावर न टाकणं, या गोष्टी फवाऱ्याइतक्याच उपयोगी आहेत. शिवाय त्यांनी अन्न दूषित होत नाही.

मग वाटा. पेन्सिल जाईल एवढ्या छिद्रातून छोटा उंदीर आत येतो. आपल्या उदाहरणातल्या घरात सिंकच्या पाइपभोवती बोटभर फट निघते आणि मागच्या दाराखालून उजेड दिसतो. पाइपभोवती तारेची जाळी ठासून वरून सिमेंट भरावं. नुसता फोम भरला तर उंदीर तो कुरतडून काढतो. दाराखाली पत्र्याची किंवा रबराची पट्टी लावावी.

एवढं झाल्यावर उरलेल्या उंदरांसाठी चाप किंवा पिंजरा. चाप भिंतीला काटकोनात ठेवावा, खाद्याची बाजू भिंतीकडे. चाप एक लावण्यापेक्षा चार लावावेत. शेंगदाण्याची चटणी किंवा सुकटीचा तुकडा चांगला चालतो, पण चिमूटभरच, नाहीतर तो खाऊन उंदीर सुटतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो. म्हणून त्याच्यासाठी चाप दोन-तीन दिवस न चढवता नुसतं खाद्य ठेवावं, आणि ते खायला लागला की मग चढवावा. उंदीर मारायची विषारी वडी स्वयंपाकघरात ठेवू नये. ती खाऊन उंदीर काही दिवसांनी मरतो, तोपर्यंत तो कुठेही जातो आणि बहुधा भिंतीत किंवा माळ्यावर सडतो. शिवाय तो वडीचे तुकडे ओढून डब्यांपाशी आणून टाकतो. वडी वापरायचीच असेल तर कुलूपबंद पेटीत, घराबाहेर, मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही अशी.

छोट्या झुरळांसाठी जेल सर्वांत कमी धोक्याचं आहे. आगपेटीच्या काडीच्या गुलाएवढे ठिपके बिजागऱ्यांच्या आत, ट्रॉलीच्या रुळामागे, सिंकखाली द्यावेत. ओट्यावर आणि डब्यांच्या फळीवर एकही नको. जेल खाल्लेलं झुरळ अड्ड्यात जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि शव खाऊन इतर झुरळंही मरतात. त्याच जागी फवारा मारला तर झुरळं जेलकडे फिरकत नाहीत आणि खर्च वाया जातो. या झुरळाच्या मादीच्या एका अंडकोशात 30 ते 40 पिल्लं असतात, आणि अंडकोशातल्या पिल्लांवर औषध चालत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी ठिपके पुन्हा द्यावे लागतात. औषधी खडू हेही कीटकनाशकच आहे. तो शाळेच्या खडूसारखा दिसतो, मुलं तो तोंडात घालतात, आणि फळीवर ओढलेली त्याची पूड पुसताना भांड्यांवर येते.

आता त्या गोणीचं काय करायचं? उंदराने फाडलेल्या, लेंड्या पडलेल्या गोणीतला गहू निवडून वापरू नये. लेंडी दिसते, मूत्र दिसत नाही, आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार पसरतात. तो गहू टाकून द्यावा, गाईला किंवा कबुतरांनाही घालू नये. लेंड्या कोरड्या झाडल्या तर त्यांची धूळ श्वासात जाते. हातमोजे घालून त्यांवर एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं मिश्रण टाकावं, पाच मिनिटं थांबावं, मग कागदाने उचलून पिशवीत बांधावं. ब्लीच फिनेलमध्ये किंवा टॉयलेट साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. भांडी गरम पाण्याने आणि साबणाने धुवावीत. कुणी चुकून उघड्या धान्यावर फवारा मारला असेल, तर तेही टाकावं. धुऊन ते औषध खात्रीने जात नाही.

पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं तर आधी तीन गोष्टी विचाराव्यात: औषधाचं नाव काय, ते जेल की फवारा, आणि किती तासांनी खोली वापरायची. फवारा असेल तर धान्य-भांडी त्या खोलीतून बाहेर काढावीत, आणि ती परत मांडण्याआधी ओटा व फळ्या धुवाव्यात. जुन्या इमारतीत पाइपांची जागा आणि गटार सगळ्यांचं एकच असतं. एका घराने जेल लावलं आणि शेजारच्याने नाही, तर महिन्याभरात झुरळं परत येतात. म्हणून एका रांगेतल्या सगळ्या घरांनी एकाच आठवड्यात काम करावं. काम झालं की नाही हे पुन्हा तीच टाल्कम पावडर सांगते: सलग दोन आठवडे ठसे उमटले नाहीत आणि ट्रॉलीत नवे काळे ठिपके दिसले नाहीत, तर राखण जमली असं समजायला हरकत नाही.