बॅरिकेडपाशी अडलेला आवाज

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्यातल्या पेठांमधली गर्दी एकदम चढते. घरचं गौरीचं आवरून लोक देखावे बघायला बाहेर पडतात आणि साडेसात-आठनंतर बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता, लक्ष्मी रस्ता हे सगळे पायी चालणाऱ्यांच्या ताब्यात जातात. अशा संध्याकाळी टिळक रस्त्यावर, स. प. महाविद्यालयाच्या आसपासच्या एका हॉटेलातून चार माणसांचं जेवण घेऊन एक रायडर कसबा पेठेकडे निघाला आहे असं समजू. तो कल्पनेतला आहे. त्याचा रस्ता मात्र खरा आहे आणि त्याच्या हेल्मेटमधल्या आवाजाची जी फजिती होते, तीही खरी आहे.

हेल्मेटच्या अस्तरात, कानांपाशी दोन चपटे स्पीकर बसवलेले आहेत. ते ब्लूटूथने खिशातल्या मोबाइलशी जोडले आहेत, आणि मोबाइलवरचं नकाशाचं अॅप त्यांतून बोलतं: दोनशे मीटरवर डावीकडे, आता डावीकडे, सरळ चला. हँडलवरच्या स्क्रीनकडे बघायला मान खाली घालावी लागत नाही, आणि गर्दीत समोरून एखादं पोर अचानक आडवं येऊ शकतं तेव्हा ही सोय मोलाची असते. पूरम चौकापर्यंत सगळं सुरळीत होतं. तिथून बाजीराव रस्त्याने सरळ उत्तरेला, शनिपार, विश्रामबागवाडा, अप्पा बळवंत चौक, मग शनिवारवाडा आणि कसबा पेठ. सगळं मिळून अंतर दोनेक किलोमीटर.

शनिपारला बॅरिकेड लागलेलं आहे. पलीकडे वाहनांना बंदी. आवाज सांगतो, सरळ चला.

आवाज असं का सांगतो, ते कळायला अॅपच्या पोटात रस्ते कसे साठवलेले असतात ते बघावं लागतं. अॅपच्या दृष्टीने शहर म्हणजे चौकांचे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. प्रत्येक रेघेला एक किंमत असते, आणि ती बहुधा मिनिटांत मोजलेली असते. एडस्गर डाइकस्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने 1959 साली एक रीत प्रसिद्ध केली: एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत कमीत कमी किमतीची वाट कशी शोधायची. आजच्या अॅपमध्ये तिच्याच सुधारलेल्या आणि कितीतरी वेगवान आवृत्त्या चालतात. वाट शोधण्याचं काम ही रीत चोख करते. पण शनिपारच्या पुढची रेघ आज संध्याकाळी बंद आहे, हे तिला कोणी तरी सांगावं लागतं. वाहतूक शाखेचा आदेश निघतो, तो वर्तमानपत्रांत छापून येतो, मोबाइलवर फिरतो. नकाशात तो वेळेवर शिरला नाही तर रेघ जशीच्या तशी उघडीच राहते.

आता हिशेब मांडून बघू. समजा, शनिपारपासून कसब्यापर्यंत उरलेला तुकडा अॅपच्या लेखी पाच मिनिटांचा आहे. दुसरी वाट लांबची: सदाशिव पेठेतून परत टिळक रस्त्याला यायचं, स्वारगेट, सेव्हन लव्हज चौक, तिथून नेहरू रस्त्याने उत्तरेला, मग दारूवाला पूल आणि फडके हौदावरून कसब्यात. ही वाट समजा पंचवीस मिनिटांची. रायडर बॅरिकेड पाहून डावीकडच्या गल्लीत शिरतो. तो ठरलेल्या वाटेवरून हटला हे अॅपला लगेच कळतं आणि ते नव्याने गणित करतं. उत्तर येतं, दोन मिनिटांत मागे फिरा आणि बाजीराव रस्ता धरा, एकूण सात मिनिटं. सात विरुद्ध पंचवीस. म्हणून पुढच्या प्रत्येक बोळापाशी तोच आग्रह ऐकू येतो: डावीकडे वळा, मग पुन्हा डावीकडे. त्याने तो ऐकला तर तो थेट त्याच बॅरिकेडवर परत येतो. आवाजाचा हट्ट संपायला रायडरने खूप दूर जावं लागतं, इतकं की परत फिरणं लांबच्या वाटेपेक्षा महाग पडेल. स्वारगेट मागे पडल्यावर कुठे तरी आवाज नेहरू रस्त्याचं नाव घेतो. पेठांची माहिती असलेला रायडर तोवर आवाज बंद करून टाकतो. शहरात नवीन असलेला, परभणीहून किंवा लातूरहून शिकायला येऊन संध्याकाळी हे काम करणारा मुलगा मात्र दोन-तीन चकरा मारतो, आणि त्या चकरांचं पेट्रोल त्याच्याच खिशातून जातं.

गर्दी असेल तर अॅपला कळत नाही का, असा प्रश्न साहजिक आहे. रस्ता लाल होतो तो त्यावरच्या मोबाइलांच्या वेगावरून. 2020 साली सायमन वेकर्ट या जर्मन कलाकाराने बर्लिनमध्ये एका हातगाडीत 99 मोबाइल भरले आणि गाडी रिकाम्या रस्त्यावरून हळूहळू ओढत नेली. नकाशावर तो रस्ता लाल झाला. त्या वेळी कंपनीने सांगितलं, की भारतासह काही देशांत आमची यंत्रणा मोटार आणि दुचाकी यांतला फरक ओळखते. भारतात दुचाकीसाठी वेगळी वाट दाखवायची सोय 2017 च्या अखेरीस आलीच होती. पण पेठांमधला गुंता निराळा आहे. दगडूशेठसमोर उभ्या असलेल्या हजारो माणसांच्या खिशात मोबाइल आहेत आणि तेही मुंगीच्या गतीने सरकत आहेत. त्या गर्दीतून गाडी हाताने ढकलत नेणारा रायडर आणि शेजारून चालणारं कुटुंब, दोघांचा वेग एकच. त्यातून अर्थ निघू शकतो तीन: रस्ता तुंबला आहे, रस्ता बंद आहे, किंवा रस्त्यावर फक्त माणसं चालत आहेत. रायडरला या तिघांतला फरक हवा असतो, कारण तुंबलेल्या रस्त्यातून दुचाकी कशीबशी निघते, बंद रस्त्यातून निघत नाही.

दुसरी अडचण जागा ओळखण्याची. मोबाइलचा जीपीएस सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश ऐकतो आणि प्रत्येक संदेश पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतर तीनशे मीटरने चुकतं. उघड्या आभाळाखाली साध्या मोबाइलची चूक पाचेक मीटरची असते. पण बोळात दोन्ही बाजूंना चार मजली इमारती, वर आभाळाची एक पट्टी, त्यात मध्येच मंडळाच्या मांडवाचा पत्रा. संदेश सरळ न येता भिंतीवर आपटून येतो, वाट लांबते आणि ठिपका शेजारच्या बोळात जाऊन बसतो. एरवी अॅप ही चूक झाकतं: ठिपका जवळच्या रस्त्यावर ओढून घेतं आणि मागचा प्रवास पाहून कुठला रस्ता संभवतो ते ठरवतं. लक्ष्मी रस्ता आणि कुमठेकर रस्ता यांच्यात ते सहसा गोंधळत नाही. एकमेकांना चिकटलेल्या दोन बोळांत मात्र गोंधळतं.

याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट दिशेची आहे. गाडी चालत असते तेव्हा तिचं तोंड कुठे आहे हे अॅप आधीच्या आणि आताच्या जागेवरून ताडतं. गाडी थांबली की हा आधार जातो. मोबाइलमध्ये होकायंत्र असतं, पण गाडीच्या लोखंडाजवळ आणि होल्डरमधल्या चुंबकाजवळ ते भरकटतं. ढोल-ताशा पथक जाईपर्यंत दहा मिनिटं उभा राहिलेला रायडर निघायच्या वेळी आवाजाला विचारू जातो, तर आवाज म्हणतो, वायव्य दिशेने निघा. रात्रीच्या वेळी, चारही बाजूंना रोषणाई असताना वायव्य कुठे ते कोणाला कळणार? यावर रायडर लोक करतात तो उपाय साधा आहे. जिकडे फट दिसेल तिकडे वीस-पंचवीस मीटर गाडी पुढे घ्यायची. ठिपका सरकतो, दिशा कळते आणि आवाज डावी-उजवी बोलायला लागतो.

अर्थात तो ऐकू आला तर. बोलणं समजतं ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि व्यंजनं उंच, बारीक स्वरपट्टीत असतात. ढोलाचा घुमारा खालच्या पट्टीत असतो. ताशाची काडी मात्र नेमकी व्यंजनांच्या पट्टीवर वाजते आणि शब्दांच्या कडा पुसून टाकते. विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर आवाजाची पातळी शंभर डेसिबलच्या घरात जाते, हे पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं चौकाचौकांत मोजून दाखवलं आहे. मग रायडर स्पीकर पूर्ण मोठा करतो. इथे खरा धोका सुरू होतो. कामगारांच्या आरोग्यासाठी धरली जाणारी मर्यादा 85 डेसिबलला आठ तास अशी आहे आणि दर तीन डेसिबलला ती निम्मी होते. शंभर डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. शिवाय कानात असा आवाज कोंडला की मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा आणि पोलिसाची शिट्टी, दोन्ही बुडतात. म्हणून अनुभवी रायडर एकाच कानाचा स्पीकर चालू ठेवतात आणि दाट गर्दीत तोही बंद करतात. हे त्यांचं शहाणपण आहे. त्यांना ते कोणी प्रशिक्षणात शिकवलेलं नसतं.

कायदाही इथे लागू होतो. 2020 पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांनी वाहन चालवताना मोबाइलचा वापर फक्त वाट शोधण्यासाठी मान्य केला, तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. बॅरिकेडपाशी गाडी बाजूला घेऊन नकाशा पाहणं आणि चालत्या गाडीवर स्क्रीनला बोटं लावणं यांतला फरक म्हणून महत्त्वाचा आहे.

आपला रायडर अखेर फडके हौदाला पोचतो. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण नव्या वाटेचं गणित आणि गर्दीची ताजी माहिती सर्व्हरवरून यावी लागते, आणि हजारो लोक एकाच टॉवरवरून आरतीचे व्हिडिओ पाठवत असताना ती येत नाही. नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवलेला असेल तर आवाज निदान बोलत राहतो, गर्दीचे रंग मात्र जातात. ग्राहकाचा पत्ता एका वाड्याचा आहे आणि नकाशावरची खूण पलीकडच्या बोळात पडली आहे. रायडर गाडी लावतो आणि फोन करतो. ‘काका, फडके हौदाशी उभा आहे, पुढे गाडी सोडत नाहीत.’ पलीकडून उत्तर येतं, ‘थांब रे बाळा, मुलाला पाठवतो.’ अनेक अॅपमध्ये ग्राहकाच्या खुणेजवळ गेल्याशिवाय ऑर्डर पोचल्याची नोंद होत नाही, त्यामुळे जेवण हातात देऊनही रायडरला त्या खुणेपर्यंत चालत जावं लागतं.

यातलं बरंच काही सुधारता येण्यासारखं आहे, आणि त्यासाठी नवं तंत्र लागत नाही. वाहतूक शाखेच्या आदेशात कोणता तुकडा, किती ते किती वाजेपर्यंत बंद, हे असतंच. तीच माहिती रेघा आणि वेळा अशा स्वरूपात नकाशा कंपन्यांना उत्सवाआधी मिळाली तर शनिपारचा आवाज पूरम चौकातच सांगेल की पुढे बंद आहे. वेझ या अॅपने 2014 पासून शहरांच्या प्रशासनांकडून रस्ते बंद असल्याची माहिती अशीच घ्यायला सुरुवात केली. खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या कंपन्यांनाही या काळापुरतं ग्राहकाची खूण चौकात हलवता येईल आणि वळशाचे किलोमीटर मोजून मोबदला देता येईल. आज वेळेचा अंदाज उघड्या रस्त्याचा धरला जातो आणि उशिराचं बोलणं मात्र रायडर खातो. हे सरळ अन्यायाचं आहे.

अनंत चतुर्दशीला प्रश्न आणखी अवघड होतो. मिरवणूक मंडईतून टिळक पुतळ्यापासून निघते, लक्ष्मी रस्त्याने अलका चौकाकडे सरकते आणि चोवीस तासांहून अधिक चालते. लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर हे रस्ते एकाच वेळी मोकळे होत नाहीत. शेवटचं मंडळ पुढे गेलं, झाडू फिरला, बॅरिकेड सरकलं की एकेक तुकडा उघडतो. पहाटे चौकातला हवालदार हाताने इशारा करतो तेव्हा रस्ता उघडलेला असतो, आणि नकाशावर तो कधी उघडतो ते त्यावरून गेलेल्या पहिल्या काही दुचाकींच्या खिशातल्या मोबाइलवर अवलंबून असतं.