यकृतातला पांढरा ठिपका

समजा, पित्ताशयात खडे आहेत का हे पाहायला चाळिशीतल्या बाईंची सोनोग्राफी झाली. खडे नव्हतेच, रिपोर्टात मात्र यकृतात दोन सेंटिमीटरचा पांढरा, रेखीव कडेचा ठिपका निघाला. घरात लगेच कॅन्सरची धास्ती.

बहुतेक वेळा हा हिमॅन्जिओमा असतो, म्हणजे रक्ताने भरलेल्या बारीक पोकळ्यांचा पुंजका. पोकळ्यांच्या असंख्य भिंतींवरून ध्वनिलहरी परततात, म्हणून तो पांढरा दिसतो.

पण आतड्याच्या कॅन्सरची यकृतात पसरलेली गाठही कधी पांढरीच दिसते. त्यामुळे आधी कॅन्सर झालेला असेल, सिरोसिस किंवा जुनी हिपॅटायटिस बी असेल, तर नुसत्या सोनोग्राफीवर विसंबू नये. तिथे शिरेतून औषध देऊन सीटी किंवा एमआरआय करतात. हिमॅन्जिओमात औषध आधी कडेला तुटक ठिपक्यांसारखं उमटतं, मग काही मिनिटांत हळूहळू आत भरत जातं आणि टिकतं. यकृताच्या कॅन्सरची गाठ बहुधा सुरुवातीलाच उजळते आणि नंतर आजूबाजूच्या यकृतापेक्षा फिकी पडते. खरा फरक या वेळेच्या क्रमात आहे. फार लहान हिमॅन्जिओमा मात्र एकदम उजळून फसवतो; तेव्हा एमआरआय जास्त उपयोगी.

या बाईंना असा कुठलाही आजार नसेल आणि ठिपका नमुनेदार असेल, तर सुई टोचून तुकडा काढायची गरज नसते. उलट त्यात रक्तस्रावाचा धोका असतो.