धंद्याचे कर्ज : अनुदान हाती येत नाही, बँकेत थांबते

गावोगावी बैठकीला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, ३५ टक्के सबसिडी कधी हातात पडते?" उत्तर ऐकून बरेच जण गप्प होतात, कारण ती हातात कधीच पडत नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे कर्ज घेण्याआधी हे नीट समजून घ्या.

ही योजना २००८ साली सुरू झाली. नवा धंदा काढणाऱ्यासाठी ती आहे. २०२२ साली नियम सुधारून ते २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी लागू केले. त्यानुसार उत्पादनाच्या धंद्याला ५० लाख आणि सेवेच्या धंद्याला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. वय १८ पूर्ण हवे, उत्पन्नाची अट नाही. उत्पादनात १० लाखांवर आणि सेवेत ५ लाखांवर प्रकल्प असेल तर आठवी पास लागते. नवरा-बायको मिळून एकालाच लाभ मिळतो. चालू धंद्याला किंवा दुसऱ्या सरकारी योजनेतून अनुदान घेतलेल्या युनिटला तो मिळत नाही. पुढील काळासाठी कोणते नियम आहेत, हे अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के अनुदान असून स्वतःचे १० टक्के घालावे लागतात. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय, अल्पसंख्याक, माजी सैनिक व अपंग यांना ३५ टक्के अनुदान, स्वतःचे ५ टक्के.

आता हिशेब मांडू. समजा, गावातल्या एका ताईंना लाकडी घाण्याचा तेलाचा धंदा काढायचा आहे. यंत्रे ५ लाख ४० हजार, शेडची डागडुजी व वीज ६० हजार, शेंगदाणा-करडई खरेदीसाठी खेळते भांडवल २ लाख. एकूण ८ लाख. जागेची किंमत यात धरता येत नाही. ताईंचे स्वतःचे ४० हजार, बँकेचे कर्ज ७ लाख ६० हजार. अनुदान २ लाख ८० हजार.

कर्जाचा पहिला हप्ता वाटल्यावर बँक अनुदानाची मागणी करते. रक्कम आली की ती कर्जदाराच्या नावे मुदत ठेवीत ३ वर्षे अडकवून ठेवते. या ठेवीवर व्याज मिळत नाही, पण तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. म्हणजे व्याज ४ लाख ८० हजारांवरच. ११ टक्के दर धरला तर सुरुवातीला महिन्याला सुमारे ४,४०० रुपये नुसते व्याज, मुद्दल वेगळे. मात्र ठेव जमा होईपर्यंत उचललेल्या सगळ्या रकमेवर व्याज चालू राहते. तेव्हा पहिल्या काही महिन्यांची तजवीज हाताशी ठेवा.

तीन वर्षांनी तपासणीला माणूस येतो. यंत्र जागेवर आहे का, धंदा चालू आहे का, हे तो पाहतो. सगळे ठीक असेल तरच अनुदान कर्जात वळते होते. अनुदानासाठी यंत्र आणून शेडमध्ये झाकून ठेवणारे इथेच अडकतात.

दुसरी खोच खेळत्या भांडवलाची आहे. प्रकल्प फुगवायला काही जण हा आकडा वाढवून लिहितात. नियम असा की, तीन वर्षांत कॅश क्रेडिटची मर्यादा एकदा तरी पूर्ण वापरली गेली पाहिजे आणि वापर ७५ टक्क्यांच्या खाली नको. नाहीतर त्या प्रमाणातले अनुदान परत जाते. ताईंच्या २ लाखांवरचे अनुदान ७० हजार होते. निम्मेच भांडवल फिरणार असेल तर निम्मेच लिहिलेले बरे.

कागद असे लागतात : आधार, पॅन, फोटो, शाळेचा दाखला, गटानुसार जातीचा किंवा अन्य दाखला, ग्रामपंचायतीचा ग्रामीण क्षेत्राचा दाखला, प्रकल्प अहवाल आणि यंत्राचे कोटेशन. जागेसाठी ८-अ किंवा भाडेकरार जवळ ठेवा. खाद्यतेलासारख्या धंद्याला अन्न सुरक्षा नोंदणीही हवी. २ लाखांवरील प्रकल्पाला उद्योजकता प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. ग्रामपंचायतीच्या मंडळींना विनंती, दाखल्यावर गावाचे नाव आधारवर आहे तसेच लिहा. स्पेलिंगच्या फरकाने अर्ज मागे येतो.

अर्ज kviconline.gov.in वर भरायचा. त्यासाठी कोणी एजंट नेमलेला नाही, फी नाही. ताईंच्या एवढ्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कोटेशन मात्र स्वतः दोन ठिकाणी फिरून आणा. बँकेचा साहेब पहिला प्रश्न विचारतो तो यंत्राच्या किमतीचा आणि माल कुठे विकणार याचा. अहवाल दुसऱ्याने लिहिला असला तरी या दोन गोष्टी ताईंना तोंडपाठ हव्यात.