रामाने आंबा खाल्ला, आता पुढे काय करायचे?

‘राम आंबा खातो. प्रयोग बदलून पुन्हा लिहा.’ मराठी व्याकरणाच्या वहीत हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि त्याची दोन उत्तरे हमखास येतात. काही विद्यार्थी ‘रामाने आंबा खाल्ला’ असे लिहितात, काही ‘रामाकडून आंबा खाल्ला जातो’ असे. दोन्ही वाक्ये कर्मणी आहेत. फरक एवढाच की पहिल्या उत्तरात राम आत्ता खात नाही, त्याचे खाऊन झाले आहे. प्रयोग बदलताना काळही बदलून गेला. प्रश्नात काळ कायम ठेवायला सांगितले असेल तर पहिल्या उत्तराला गुण मिळणार नाहीत.

या गोंधळाचे मूळ मराठीच्या स्वभावात आहे. इंग्रजीत भूतकाळ झाला तरी क्रियापद कर्त्याचेच ऐकते. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात गेले की बहुतेक वेळा ते कर्माच्या बाजूला जाऊन बसते. ‘राम आंबा खातो’ यात रामाच्या जागी सीता ठेवली तर ‘सीता आंबा खाते’ असे होते, म्हणजे क्रियापद कर्त्याबरोबर बदलले. हा कर्तरी प्रयोग. आता ‘रामाने आंबा खाल्ला’ घ्या. सीता आणली तरी ‘सीतेने आंबा खाल्ला’, क्रियापद ढिम्म हलत नाही. पण आंब्याऐवजी चिंच ठेवली की लगेच ‘रामाने चिंच खाल्ली’. हा कर्मणी. कोणत्याही वाक्याचा प्रयोग ओळखायला ही अदलाबदल पुरते. आधी कर्ता बदलून पाहायचा, मग कर्म, आणि क्रियापद कोणाचे ऐकते ते बघायचे. कर्माचा पत्ता लागत नसेल तर क्रियापदाला ‘काय?’ विचारावे. राम काय खातो? आंबा.

म्हणजे घरात, बाजारात, एसटीच्या रांगेत ‘मी भाजी आणली’, ‘तिने दार लावले’ असे बोलणारा प्रत्येक जण दिवसभर कर्मणी प्रयोगच वापरत असतो. त्याला ते कळण्याची गरजही पडत नाही.

सरावात मात्र बहुधा दुसरा प्रकार अपेक्षित असतो, ‘जाणे’ लावून केलेला. व्याकरणाची पुस्तके याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात आणि त्याचा संबंध इंग्रजी पॅसिव्ह व्हॉइसशी जोडतात. हे रूपांतर कसे करायचे ते एका वाक्यावर सावकाश पाहू. ‘माळी झाडे तोडतो.’ कर्ता माळी, कर्म झाडे. पहिल्यांदा कर्त्याला ‘कडून’ जोडायचे. मराठीत शब्दयोगी अव्यय सामान्यरूपाला लागते, म्हणून ‘माळीकडून’ नव्हे, ‘माळ्याकडून’. नंतर ‘तोडणे’चे भूतकाळी रूप कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे घ्यायचे: झाडे तोडली. शेवटी ‘जाणे’ हे क्रियापद मूळ वाक्याच्या काळात आणि कर्माच्या वचनात उभे करायचे. मूळ वाक्य वर्तमानकाळी, झाडे अनेक, म्हणून ‘जातात’. सगळे जुळून वाक्य झाले, ‘माळ्याकडून झाडे तोडली जातात.’ मूळ वाक्य ‘माळी झाडे तोडील’ असते तर शेवटी ‘तोडली जातील’ आले असते. ‘तोडली’ हे रूप भूतकाळाचे दिसले तरी घाबरायचे कारण नाही. काळ सांगण्याचे काम आता ‘जाणे’कडे आहे.

नवशिक्यांची चूक बहुतेक इथेच होते. ‘शिक्षिका उत्तरपत्रिका तपासतील’ याचे रूपांतर घाईत ‘शिक्षिकेकडून उत्तरपत्रिका तपासली जाईल’ असे होते. उत्तरपत्रिका एक की अनेक, हे शब्दाच्या रूपावरून कळत नाही. अनेक असतील तर दोन्ही क्रियापदे बदलायला हवीत: ‘तपासल्या जातील’. एक बदलले आणि दुसरे राहिले की वाक्य कानाला लगेच खटकते. मोठ्याने वाचून पाहणे हा इथला खात्रीचा उपाय.

काही क्रियापदे या नियमाला जुमानत नाहीत. शिकणे, विसरणे, बोलणे ही सकर्मक वापरली तरी भूतकाळात कर्त्यालाच धरून राहतात. ‘राधा धडा शिकली’ यात धडा पुल्लिंगी आहे, तरी क्रियापद राधेप्रमाणे ‘शिकली’ झाले. भूतकाळ दिसला म्हणून डोळे मिटून ‘कर्मणी’ लिहिणारे अशा वाक्यात फसतात.

कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ लागले तर आणखी वेगळे घडते. ‘पोलिसांनी चोर पकडला’ हे कर्मणी आहे. ‘पोलिसांनी चोराला पकडले’ यात चोराच्या जागी चोरांना म्हटले, चोरणीला म्हटले, तरी ‘पकडले’ तसेच राहते. क्रियापद कोणाचेच ऐकत नाही, हा भावे प्रयोग. त्यामुळे ‘चोर पकडला गेला’ आणि ‘चोराला पकडले गेले’ ही दोन्ही वाक्ये बरोबर, पण ‘चोराला पकडला गेला’ ही खिचडी चुकीची.

‘कडून’ दिसले की कर्मणी, हाही एक फसवा ठोकताळा आहे. ‘माझ्याकडून कप फुटला’ यात ‘फुटणे’ अकर्मक आहे. फुटणारा कप हाच इथला कर्ता आणि प्रयोग कर्तरी. ‘माझ्याकडून’ एवढेच सांगते की मुद्दाम केले नाही. ‘कप फोडला गेला’ म्हटले तर मात्र घरात चौकशी सुरू होईल.

बोलण्यात ‘आईकडून पोळी लाटली जाते’ असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. करणारा माहीत असेल तर मराठी त्याचे नाव सरळ पुढे आणते. करणारा माहीत नसतो, किंवा सांगायचा नसतो, तिथे ही रचना शोभते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही दुकानातली पाटी त्याचा चांगला नमुना. सरकारी सूचना आणि बातम्या याच कामासाठी ‘ण्यात येणे’ वापरतात: ‘पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल’, ‘याद्या लावण्यात येतील’. तिथेही क्रियापद कर्मामागेच जाते. ‘आरोपींना अटक करण्यात आली’ यात आरोपी कितीही असोत, ‘आली’ हे ‘अटक’ या स्त्रीलिंगी शब्दाप्रमाणेच राहते.

आता वाचकांसाठी पाच वाक्ये. काळ न बदलता ‘जाणे’ लावून रूपांतर करायचे आहे, आणि त्यातल्या एकाचे होणारच नाही. कुंभार मडकी घडवतो. मुलांनी गोष्ट वाचली. पाऊस पडतो. ग्रामपंचायत रस्ता बांधील. पोलिसांनी चोरांना पकडले.

पहिल्याचे उत्तर ‘कुंभाराकडून मडकी घडवली जातात’. दुसरे वाक्य मुळातच कर्मणी आहे, ‘जाणे’ लावून ते ‘मुलांकडून गोष्ट वाचली गेली’ असे होईल. ‘पाऊस पडतो’मध्ये कर्मच नाही, म्हणून ते सोडून द्यायचे. चौथे ‘ग्रामपंचायतीकडून रस्ता बांधला जाईल’. शेवटचे ‘पोलिसांकडून चोरांना पकडले गेले’, आणि ‘ना’ काढले तर ‘पोलिसांकडून चोर पकडले गेले’.