वस्तू परत गेली, हप्ता कुठे गेला?

मोबाइल परत केला, विक्रेत्याने पैसे पाठवल्याचा मेसेज आला, आणि तरीही पुढच्या महिन्यात क्रेडिट कार्डाच्या बिलात त्याच मोबाइलचा हप्ता लागला. असं घडलं की माणूस आधी विक्रेत्याला फोन करतो. विक्रेता म्हणतो, ‘आम्ही पैसे दिले, बँकेला विचारा.’ बँक म्हणते, ‘तुमचं कर्ज चालू आहे.’ चीड आणणारी गोष्ट ही की दोघंही खरं बोलत असतात.

हप्त्यावर वस्तू घेताना आपण दोन व्यवहार करतो. एक खरेदीचा, दुकानदाराशी. दुसरा कर्जाचा, बँकेशी किंवा फायनान्स कंपनीशी. दुकानदाराला त्याचे पैसे थोड्याच दिवसांत मिळून जातात, त्याच्या दृष्टीने ती रोखीचीच विक्री असते. हप्ते आपण फेडतो ते कर्ज देणाऱ्याचे. त्यामुळे वस्तू परत केली की खरेदीचा व्यवहार मिटतो, पण कर्जाचं खातं आपोआप बंद होतंच असं नाही. ते बंद झालं की नाही हे पाहण्याचं काम व्यवहारात ग्राहकाच्याच गळ्यात पडतं. हे मला अन्यायाचं वाटतं, कारण तिघांमध्ये सगळ्यात कमी माहिती त्याच्याकडेच असते. म्हणून एक हिशेब इथे शेवटपर्यंत करून पाहू.

समजा, २४,००० रुपयांचा मोबाइल कुणी क्रेडिट कार्डावर ‘नो कॉस्ट ईएमआय’ने घेतला: सहा महिने, दरमहा ४,००० रुपये. बँकेचा व्याजदर वर्षाला १५ टक्के, म्हणजे महिन्याला सव्वा टक्का. बँक इथे व्याज सोडत नाही. विक्रेता किंवा कंपनी व्याजाइतकी सूट आधीच देते. म्हणून कार्डावर २४,००० नव्हे, २२,९८४ रुपये पडतात. त्यावर सहा महिन्यांत १,०१६ रुपये व्याज लागतं आणि बेरीज पुन्हा २४,००० होते. याशिवाय दोन गोष्टी ग्राहकाच्या खिशातून जातात: व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी. ही फी १९९ रुपये धरली तर जीएसटीसह २३५ रुपये होतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांनुसार मुद्दल, व्याज आणि सूट हे तिन्ही आकडे ग्राहकाला हप्ते ठरण्याआधी स्वच्छ दाखवायला हवेत. वस्तू परत करायची वेळ आली की हेच आकडे कामाला येतात, म्हणून त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा.

आता पहिला हप्ता बिलात लागून भरून झाल्यावर मोबाइल परत गेला. विक्रेत्याकडून किती परत येतील? बरेच जण २४,००० ची वाट पाहतात. येतात २२,९८४, कारण कार्डावरून तेवढेच गेले होते. पहिल्या हप्त्यातले २८७ रुपये व्याज, त्यावरचा ५२ रुपये जीएसटी आणि २३५ रुपये फी, असे ५७४ रुपये बँकेकडे गेलेले असतात आणि ते सहसा परत मिळत नाहीत. ‘नो कॉस्ट’ ही सोय वस्तू ठेवून घेणाऱ्यासाठी आहे. परत करणाऱ्याला तेवढ्या काळाचं व्याज खरोखरच पडतं. पहिलं बिल निघायच्या आधीच परतावा होऊन हप्ते रद्द झाले, तर हे नुकसान साधारणपणे फीपुरतंच राहतं. त्यामुळे वस्तू परत करायचीच असेल तर बिलाची तारीख पाहून आधी हलावं.

खरी गफलत इथून पुढे होते. परताव्याचे २२,९८४ रुपये कार्डाच्या खात्यात नुसते ‘जमा’ म्हणून येऊन बसतात आणि कर्जाचं खातं वेगळं चालू राहतं. त्या दिवशी कर्जाचं उरलेलं मुद्दल १९,२७१ रुपये असतं. पुढच्या महिन्यात हप्ता आणि जीएसटी मिळून ४,०४३ रुपये या जमेतून वळते होतात. त्याच कार्डावर किराणा-पेट्रोलचे सहा हजार झाले असतील तर तेही त्यातूनच जातात. बिलावर ‘देय रक्कम शून्य’ दिसतं. ग्राहकाला वाटतं, प्रकरण मिटलं. तिसऱ्या महिन्यात जमा संपते आणि एकदम बिल येतं, त्यात परत केलेल्या मोबाइलचा हप्ता. तोवर परताव्याचे पैसे घरखर्चात विरघळलेले असतात आणि कर्ज मात्र व्याजासह पुढे चाललेलं असतं.

म्हणून बिलाच्या पहिल्या पानावरची शून्य रक्कम पाहून थांबू नये. आतल्या पानावर किंवा ॲपमध्ये ईएमआयचा वेगळा तक्ता असतो. तिथे उरलेलं मुद्दल आणि बाकी हप्ते शून्य झालेत का, आणि अडकलेली क्रेडिट मर्यादा मोकळी झाली का, हे बघावं. झालं नसेल तर बँकेला लेखी कळवावं की ही खरेदी परत झाली आहे, विक्रेत्याचा परतावा अमुक तारखेला जमा झाला आहे, तो या ईएमआयच्या मुद्दलात वळवून खातं बंद करा. परतावा बँकेला सापडत नसेल तर विक्रेत्याकडून त्या व्यवहाराचा एआरएन क्रमांक मागून घ्यावा. त्यावरून बँकेला पैशाचा माग लागतो.

कळवताना शब्द जपून वापरावे लागतात. ‘ईएमआय फोरक्लोज करा’ असं म्हटलं की कर्ज मुदतीआधी फेडण्याचं शुल्क लागू शकतं. ते ३ टक्के असेल तर १९,२७१ वर ५७८ रुपये आणि जीएसटी धरून ६८२ होतात. हप्ते तसेच चालू ठेवले तर पुढचं व्याज ७२९ आणि त्यावरचा जीएसटी १३१, असे ८६० रुपये जातात. म्हणजे शुल्क भरून कर्ज बंद करण्यात वाचतात फक्त १७८ रुपये. म्हणून आधी ‘वस्तू परत केल्यामुळे ईएमआय रद्द’ अशी मागणी करावी. परतावा ठरावीक दिवसांत आला असेल तर काही बँका हे शुल्क घेत नाहीत. मुद्दल वळतं झाल्यावर आपल्या उदाहरणात ३,७१३ रुपये जमा उरतात. ते बचत खात्यात पाठवा असं सांगितलं, तर बँकेने तीन कामकाजी दिवसांत पाठवायला हवेत.

दुकानात बसून कागदपत्रांवर सह्या करून घेतलेल्या फायनान्सची तऱ्हा वेगळी आहे. ३६,००० रुपयांचा फ्रिज दहा हप्त्यांवर, त्यातले दोन आगाऊ. ग्राहक दुकानात ७,२०० रुपये भरतो आणि कंपनीचं कर्ज २८,८०० रुपयांचं होतं. कंपनी दुकानदाराला डिलिव्हरी ऑर्डर देते, तिला दुकानात नुसतं ‘डीओ’ म्हणतात. कर्जाच्या नोंदीत त्या फ्रिजचा सिरियल नंबर जातो, आणि हप्ते बँक खात्यातून आपोआप कापण्यासाठी आपण नाच मँडेटवर सही करतो. फ्रिज बिघडलेला निघाला आणि दुकानदाराने परत घेतला, तर पैशांच्या दोन वाटा असायला हव्यात: २८,८०० फायनान्स कंपनीकडे, ७,२०० ग्राहकाकडे. दुकानदाराने सगळे ३६,००० ग्राहकाच्याच हातात ठेवले, तर कर्ज ग्राहकाच्याच डोक्यावर राहतं आणि ते फेडणं त्याचंच काम. आणि ‘पैसे जमा धरतो, दुसरं काही घ्या’ म्हणत क्रेडिट नोट हातात ठेवली, तर हप्ते कायदेशीरपणे चालूच राहतात. कर्ज बंद करायचं असेल तर क्रेडिट नोट घेऊ नये. फ्रिज बदलून मिळाला तर हप्ते पूर्वीसारखेच चालतील, पण नवा सिरियल नंबर कर्जाच्या कागदावर चढवून घ्यावा.

अशा वेळी रागाच्या भरात माणूस बँकेत जाऊन मँडेट रद्द करतो किंवा खातं रिकामं ठेवतो. राग समजण्यासारखा आहे, पण त्याने देणं संपत नाही. हप्ता परत गेला की आपली बँक दंड लावते, फायनान्स कंपनीही लावते, आणि उशिराची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये जाते. त्याचा भुर्दंड पुढे गृहकर्जाच्या वेळी बसू शकतो. वाद चालू असेपर्यंत हप्ता भरावा, आणि प्रत्येक वेळी ईमेलने लिहावं की वस्तू अमुक दिवशी परत केली आहे, ही रक्कम तक्रार कायम ठेवून भरत आहे. मग ते पैसे मागायला हातात पुरावा राहतो.

ॲपवरच्या ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ योजनेमागेही बहुतेकदा असं कर्जच असतं. डिजिटल कर्जांना रिझर्व्ह बँकेने माघारीची मुदत ठेवली आहे. २०२५ च्या निर्देशांप्रमाणे ती किमान एक दिवसाची असते. त्या काळात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं. प्रोसेसिंग फी मात्र आधी सांगितलेली असेल तर कंपनी ठेवून घेऊ शकते. पण ही मुदत कर्जाची आहे, वस्तू हाती पडल्यापासूनची नव्हे. पार्सल चौथ्या दिवशी येतं आणि माघारीची वाट तोवर बंद झालेली असू शकते. किती दिवस मिळणार आहेत हे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाच्या कागदात वाचावं. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी तो कागद देणं बंधनकारक आहे.

विक्रेता वस्तू परत घ्यायलाच तयार नसेल तर प्रश्न कर्जाचा राहत नाही, खरेदीचा होतो. ऑनलाइन विक्रेत्याला सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळी निघालेली वस्तू परत घेणं नाकारता येत नाही, हे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. नुसतं मन बदललं म्हणून परत घेण्याची सक्ती त्यात नाही. तिथे विक्रेत्याची स्वतःची परताव्याची अट चालते. ही तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करावी. पैसे परत पोचूनही बँक किंवा फायनान्स कंपनी खातं बंद करत नसेल, तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

कर्ज बंद झालं असं तोंडी सांगितलं तरी एनओसी मागून घ्यावी. मग महिना-दीड महिन्याने स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढून पाहावा. सिबिलसह चारही संस्था वर्षातून एकदा तो मोफत देतात. त्यात ते खातं ‘Closed’ आणि बाकी शून्य दिसायला हवी. अजून चालू दिसत असेल तर कर्ज देणाऱ्याकडे आणि त्या संस्थेकडे दुरुस्तीची तक्रार करावी. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला देणं लागतं.