विदेशी बिलावरचा शून्य आणि भारतातला कर

कोल्हापूरच्या एका फाउंड्रीने युरोपला पाठवायच्या व्हॉल्व्हच्या रचनेची तपासणी जर्मनीतल्या सल्लागाराकडून करून घेतली, तर येणाऱ्या बिलात व्हॅटच्या रकान्यात शून्य असतो आणि तळाशी बारीक अक्षरांत 'रिव्हर्स चार्ज' अशी ओळ असते. त्याच फाउंड्रीने ब्रिटनमधून यंत्राचे सुटे भाग मागवले, तर त्या बिलावर 'झिरो रेटेड' छापलेले दिसते. दोन्हीकडे शून्यच असल्याने हिशेबनीस दोन्ही बिले 'कर नाही' या एकाच खात्यात टाकून मोकळा होतो. प्रत्यक्षात पहिल्या बिलावर निर्यातदाराला भारतात स्वतः कर भरायचा असतो आणि दुसऱ्या बिलावरचा कर त्याच्याकडून बंदरावर किंवा विमानतळावर आधीच वसूल झालेला असतो.

आधी त्या ओळी कशासाठी छापतात ते पाहावे. युरोपीय संघाच्या व्हॅट निर्देशानुसार, म्हणजे २००६/११२/ईसी नुसार, एका व्यावसायिकाने दुसऱ्या व्यावसायिकाला दिलेली सेवा सर्वसाधारणपणे ग्राहक जिथे असतो तिथली मानली जाते. पुरवठादार दुसऱ्या सदस्य देशातला असेल, तर कर भरण्याची जबाबदारी विक्रेत्याकडून ग्राहकाकडे जाते. तसे झाल्याचे बिलावर लिहिणे बंधनकारक आहे आणि त्यासाठीच 'रिव्हर्स चार्ज' हे शब्द येतात. हा नियम संघातल्या देशांपुरता आहे. भारतीय ग्राहकावर कर बसवण्याचा अधिकार युरोपच्या कायद्याला नाही, त्यामुळे अशा बिलावर 'ही सेवा जर्मनीत करपात्र नाही' एवढेच लिहिणे खरे तर पुरेसे असते. पण बिलाचे सॉफ्टवेअर परदेशी ग्राहक दिसला की तीच ओळ छापून टाकते. तेव्हा भारतीय हिशेबनिसाने त्या ओळीतून एकच गोष्ट घ्यायची: विक्रेत्याने त्याच्या देशातला कर लावलेला नाही.

भारतात कर लागतो का, हे आपला एकात्मिक वस्तू व सेवा कर कायदा ठरवतो. पुरवठादार भारताबाहेर, घेणारा भारतात आणि सेवेचे पुरवठा-स्थानही भारतात, या तीन अटी पूर्ण झाल्या की ती सेवेची आयात ठरते. परदेशातून आलेल्या अशा सेवेवर घेणाऱ्यानेच आयजीएसटी भरायचा असतो. योगायोगाने आपल्याकडेही त्याला रिव्हर्स चार्जच म्हणतात. बिलावर ती ओळ नसती, तरी हा कर लागलाच असता.

जर्मन सल्लागाराचे बिल २,००० युरोचे आहे असे धरू. काम ५ जूनला पूर्ण झाले, बिल १० जूनचे आहे आणि पैसे २८ जूनला पाठवले. सोयीसाठी युरोचा दर १०० रुपये धरला, तर सेवेचे मूल्य २,००,००० रुपये होते आणि १८ टक्क्यांनी आयजीएसटी ३६,००० रुपये. पैसे पाठवताना आयकराची कपात झाली असेल, तर बँकेतून गेलेली रक्कम कमी दिसेल, पण जीएसटी बिलाच्या पूर्ण रकमेवरच मोजायचा.

जर्मन पुरवठादाराकडे भारतातली नोंदणी नाही, म्हणून फाउंड्रीला स्वतःच्या नावे सेल्फ इनव्हॉइस काढावे लागते. सेवा मिळाल्यापासून त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. पैसे दिल्याची तारीख आणि सेल्फ इनव्हॉइसची तारीख यांपैकी जी आधी येते, तिच्यावरून कराचा महिना ठरतो. इथे पैसे २८ जूनला गेले, म्हणून जूनच्या GSTR-3B मध्ये 3.1(d) या ओळीत ३६,००० रुपये दाखवायचे. मासिक विवरण भरणाऱ्यासाठी त्याची मुदत २० जुलै. पैसे ऑगस्टपर्यंत थांबले असते आणि सेल्फ इनव्हॉइस ३ जुलैला निघाले असते, तर हाच कर जुलैच्या विवरणात गेला असता. उशीर झाला की वर्षाला १८ टक्के दराने व्याज लागते.

निर्यातदाराला खरा चिमटा बसतो तो भरण्याच्या पद्धतीत. हा कर इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमधूनच भरावा लागतो. क्रेडिट लेजरमध्ये लाखो रुपये पडून असले तरी ते इथे चालत नाहीत. भरल्यावर मात्र त्याच विवरणात 4(A)(2) या सेवा-आयातीच्या ओळीत ३६,००० रुपयांचे क्रेडिट घेता येते. फाउंड्री आपला माल एलयूटीवर, म्हणजे कर न भरता निर्यात करत असेल, तर हे क्रेडिट वापरायला जागा नसते आणि ते परताव्याच्या अर्जात मागावे लागते. कागदावर खर्च शून्य, पण परतावा येईपर्यंत रोख रक्कम अडकून राहते. हिशेबनिसाने मालकाला हे पैसे जाण्याआधी सांगितलेले बरे.

रिव्हर्स चार्जची ओळ दिसली म्हणून दरवेळी कर भरणेही चुकीचे आहे. तीच फाउंड्री हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात स्टॉल घेते, तेव्हा आयोजकाच्या बिलावरही व्हॅट शून्य आणि तीच ओळ असू शकते. पण प्रदर्शनाच्या आयोजनाशी संबंधित सेवेचे पुरवठा-स्थान भारतीय कायद्यानुसार प्रदर्शन जिथे भरले तिथे असते. ते भारताबाहेर असल्याने ही सेवेची आयातच होत नाही.

याउलट बिलावर १९ टक्के जर्मन व्हॅट लागून आला, म्हणजे २,००० युरोवर ३८० युरो, तर त्याचे क्रेडिट भारतात मिळत नाही. बहुधा पुरवठादाराने फाउंड्रीला खासगी ग्राहक समजलेले असते. जीएसटी नोंदणीचा दाखला पाठवून दुरुस्त बिल मागावे, आणि तेही पैसे पाठवण्याआधी.

ब्रिटनच्या 'झिरो रेटेड'चा मामला सोपा आहे. माल देशाबाहेर गेल्याचा पुरावा ठेवला, की ब्रिटिश विक्रेत्याला निर्यातीवर शून्य दराने व्हॅट लावता येतो. मालाची भारतात आयात होताना बिल ऑफ एंट्रीवर सीमाशुल्काबरोबर आयजीएसटी वसूल होतो आणि त्याचे क्रेडिट 4(A)(1) मध्ये येते. इथे सेल्फ इनव्हॉइस नको आणि 3.1(d) मध्येही काही नको. तसे केल्यास एकाच मालावर दोनदा कर भरला जातो. ब्रिटनमधल्या सल्लागाराच्या बिलावर मात्र बहुतेकदा 'व्हॅटच्या कक्षेबाहेर' असे लिहिलेले असते. ती सेवा असल्याने तिची तपासणी जर्मन बिलासारखीच करायची.

सुटलेली बिले शोधायची एक साधी पद्धत आहे. ताळेबंदाच्या टिपांमधला परकीय चलनातला खर्च आणि वर्षभराच्या 3.1(d) मधल्या सेवा-आयातीच्या रकमा समोरासमोर ठेवायच्या. जो फरक निघेल, तो मालाची आयात, परदेशातली प्रदर्शने आणि प्रवासखर्च यांनी भरून निघाला पाहिजे. लेखापरीक्षकही हेच दोन आकडे जुळवून पाहतो.

युरोपीय ग्राहक कधीकधी भारतीय निर्यातदारालाच सांगतो, की तुमच्या बिलावर 'रिव्हर्स चार्ज' लिहा. ग्राहकाच्या सोयीसाठी शेऱ्यात तशी ओळ टाकायला हरकत नाही. पण भारतीय बिलात 'रिव्हर्स चार्जवर कर देय आहे का' असा जो रकाना असतो, तो भारतीय कराबद्दल विचारतो, आणि निर्यातीच्या बिलावर त्याचे उत्तर 'नाही' हेच आहे.