डोक्याचा घेर आणि बाळाची लांबी: दोन आकडे एकत्र वाचताना

१४ आठवड्यांच्या मुलाच्या डोक्याचा घेर ४३.४ सेंटीमीटर भरला, तर तो जास्त म्हणायचा की ठीक? नुसत्या या आकड्यावरून बालरोगतज्ज्ञ काही सांगणार नाहीत. ते आधी दोन गोष्टी विचारतील: बाळाची लांबी किती आहे, आणि मागच्या लसीच्या वेळी घेर किती होता.

पूर्ण दिवसांच्या बाळाचा घेर जन्मताना साधारण ३४ ते ३५ सेंमी असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे २ सेंमी वाढतो, पुढचे तीन महिने १ सेंमी आणि नंतर वर्षाचा होईपर्यंत जेमतेम अर्धा. ही वाढ कवटी स्वतःहून करत नाही. आतला मेंदू वाढतो आणि कवटीची अजून न जुळलेली हाडे त्याला जागा करून देतात. लांबी वाढते ती हातापायांच्या आणि मणक्याच्या हाडांमुळे. दोन्हींची कारणे वेगळी असली तरी निरोगी बाळात त्या एकमेकींना धरून चालतात. म्हणूनच पहिल्या वर्षासाठी एक सोपा हिशेब वापरता येतो. बालरोगशास्त्राच्या पुस्तकांत त्याला डाइनचे सूत्र म्हणतात: लांबीची निमपट करा, तीत ९.५ मिळवा, अपेक्षित घेर मिळतो. खरा घेर त्याच्या अडीच सेंमी इकडेतिकडे असला तर चालते. ५० सेंमी लांबीच्या नवजात बाळाला हा हिशेब ३४.५ देतो, तर साडेसदुसष्ट सेंमीच्या सहा महिन्यांच्या मुलाला सव्वात्रेचाळीस. दोन्ही आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याशी जुळतात. त्या तक्त्यासाठी मोजलेल्या बाळांत दिल्लीचीही बाळे होती, त्यामुळे ‘आपली मुले वेगळी असतात’ म्हणून तो बाजूला ठेवायचे कारण नाही.

आता समजा, एक मुलगा लसींना वेळेवर येतो आणि दर वेळी दोन्ही मापे घेतली जातात. ६ आठवड्यांना लांबी ५६.५ आणि घेर ३८.६ भरतो. सूत्राने ३७.७५ यायला हवा, म्हणजे जेमतेम एक सेंमी जास्त. १० आठवड्यांना लांबी ५९.५ आणि घेर ४१, फरक पावणेदोन. १४ आठवड्यांना लांबी ६२, घेर ४३.४, अपेक्षा ४०.५ची, फरक २.९. लांबी अगदी वयाप्रमाणे वाढते आहे. डोके मात्र आठ आठवड्यांत ४.८ सेंमी वाढले, जिथे अडीच-पावणेतीन पुरे होते. तक्त्यावर पाहिले तर पहिला ठिपका मधल्या रेषेजवळ, दुसरा तिच्या वरच्या रेषेवर आणि तिसरा त्याहून वरच्या रेषेवर पडतो. डॉक्टरला काळजी वाटते ती या चढाची. कडेला पडलेल्या एकट्या ठिपक्याने तेवढे घाबरायचे नसते.

याच वयाचा दुसरा मुलगा घ्या. घेर तोच, ४३.४. पण याची लांबी ६६, म्हणजे अपेक्षित घेर ४२.५. जन्मापासून तो मोठाच आहे, त्याचे ठिपके एकाच रेषेला धरून चालले आहेत, आणि बाबांच्या डोक्याला टेप लावली तर ती ६० सेंमीवर जाते. हे घराण्याचे डोके. आई-बाबांचे डोके मोजणे ही यातली सगळ्यात स्वस्त तपासणी आहे आणि ती सर्रास राहून जाते.

पहिल्या मुलाच्या बाबतीत पहिली शंका येते ती मेंदूतल्या पाण्याची. मेंदूच्या पोकळ्यांत हे पाणी रोज तयार होते आणि अरुंद वाटांनी बाहेर पडून रक्तात जिरते. वाट जन्मतःच चिंचोळी असली, किंवा मेंदूज्वरानंतर अथवा कमी दिवसांच्या बाळाला मेंदूत रक्तस्राव झाल्यावर ती बुजली, तर पाणी साठते. मोठ्या माणसाची कवटी घट्ट असल्याने त्याचे डोके ठणकते, उलट्या होतात. बाळाची कवटी मात्र पसरते, दाब काही काळ सोसते, आणि बाळ हसत-खेळत राहते. टाळू फुगणे, डोक्यावरच्या शिरा ठळक दिसणे, बुबुळे खाली वळून वर पांढरे दिसणे, सारखी झोप, उलट्या ही लक्षणे पुष्कळदा मागाहून येतात. टेप त्यांच्या आधी बोलते.

टाळू पाहायची ती बाळ शांत असताना, त्याला उभे धरून. रडताना आणि आडवे असताना ती प्रत्येकाचीच भरलेली लागते. आपल्याकडे टाळूवर तेल घालतात, त्याने ती लवकर भरते असा समज आहे. तेलाचा तिच्या बंद होण्याशी संबंध नाही. पण रोज तिथे हात फिरवणाऱ्या आजीला ती ताठ झाल्याचे सगळ्यांआधी कळू शकते, आणि तिचे म्हणणे दवाखान्यात जरूर सांगावे.

टाळू उघडी असते तोवर तिच्यातूनच मेंदूची सोनोग्राफी होते. भूल लागत नाही, किरणोत्सर्गही नसतो. पोकळ्या फुगलेल्या दिसल्या तर न्यूरोसर्जनकडे पाठवतात. पुष्कळदा पातळ नळी बसवून, म्हणजे शंट घालून, जास्तीचे पाणी पोटात वळवले जाते. कधी पाणी फक्त मेंदूच्या बाहेरच्या अंगाला थोडे जास्त दिसते, बाळ मान धरते, बघते, हसते. अशा वेळी बहुतेक करून नुसते मोजत राहणे पुरते.

उलटी तफावतही पाहावी. ६४ सेंमी लांबीच्या बाळाचा घेर ३८.५ म्हणजे अपेक्षेहून ३ सेंमी कमी. जन्मताना ऑक्सिजन कमी पडणे, गर्भारपणातला काही विषाणूंचा संसर्ग, कवटीची हाडे वेळेआधी जुळणे, अशी कारणे शोधावी लागतात.

सूत्र फसते कुठे, तेही माहीत हवे. कुपोषणात आधी वजन अडते, मग लांबी, डोके सगळ्यात शेवटी. लांबी अडली की अपेक्षित घेर उतरतो आणि नीट असलेले डोके हिशेबात मोठे दिसते. हाडांच्या काही जन्मजात दोषांत हातपाय आखूड राहतात, तिथेही असेच दिसते. म्हणून फरक वाढला की दोनपैकी कोणती रेषा सरकली हे बघायचे. आणि दोन्ही रेषा सारख्याच मागे असतील तर सूत्र ‘ठीक’ म्हणेल. तिथे तक्ताच कामाचा. कमी दिवसांच्या बाळाला तक्त्यावर मांडताना वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरतात.

मोजण्यातली चूक मात्र आजाराइतकीच फसवी असते. टेप न ताणली जाणारी हवी. पुढून भुवयांच्या लगेच वर, मागून डोक्याचा सगळ्यात उंचावलेला भाग, कान खाली राहतील अशी. तीनदा मोजून सगळ्यात मोठे माप लिहायचे. जावळ दाट असेल तर टेप घट्ट दाबावी लागते. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत डोके दाबलेले किंवा सुजलेले असते, त्या मापावर भिस्त ठेवू नये. लांबीला दोन माणसे लागतात: एकाने डोके फळीला टेकवून धरायचे, दुसऱ्याने गुडघे सरळ करून तळवे लावायचे. लांबीत एक सेंमी चुकली तर सूत्रात ती अर्धीच उतरते, घेरातली चूक पुरीच्या पुरी येते. म्हणून विचित्र आकडा दिसला की त्याच बैठकीत, जमल्यास दुसऱ्या हाताने, घेर पुन्हा मोजावा आणि आठ-पंधरा दिवसांनी त्याच टेपने पुन्हा. टाळू ताठ असेल किंवा बाळ सुस्त, तर तेवढे थांबायचे नाही, त्याच दिवशी दाखवायचे.

१४ आठवड्यांच्या लसीनंतर पुष्कळ बाळे दवाखान्यात येतात ती थेट ९ महिन्यांच्या लसीला. मधल्या काळात सहाव्या महिन्याच्या आसपास एकदा दोन्ही मापे घेऊन तारखेसह कार्डावर लिहून घ्यावीत.